सीए फायनलचे अटेम्प्ट रिझ्युमेत दाखवायचे कसे?

"मॅडम, मे 2025 ला फायनल क्लिअर झाली, पण ग्रुप 1 ला तीन अटेम्प्ट लागले आणि ग्रुप 2 ला दोन. अटेम्प्ट लिहिले तर शॉर्टलिस्टच होणार नाही असं सगळे म्हणतात. आर्टिकलशिप मध्यम फर्ममध्ये झाली, म्हणून तिथे केलेलं सगळं लिहून काढलं, तर रिझ्युमे तीन पानांचा झालाय. काय काढू आणि काय ठेवू?"

तिने पाठवलेल्या पीडीएफमध्ये पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं नाव, छंद आणि 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' होतं. त्याखाली इंटरमिजिएटसमोर ठळक अक्षरांत 'दोन्ही ग्रुप, पहिला अटेम्प्ट' असं लिहिलेलं आणि फायनलसमोर नुसतं '2025'. मला खटकलं ते हेच. ज्याने स्वतः सीए केलंय त्याची नजर आधी या दोन ओळींवर जाते. एकीकडे अटेम्प्ट मिरवलाय, दुसरीकडे त्याबद्दल गप्प, म्हणजे काय झालं ते त्याला कळतंच. शिवाय आर्टिकलशिप ऑगस्ट 2024 मध्ये संपल्याचं खाली लिहिलेलं होतंच.

मी तिला शैक्षणिक तक्ता नव्याने करायला सांगितला. फायनलच्या रकान्यात 'ग्रुप 2 : नोव्हेंबर 2024, ग्रुप 1 : मे 2025' एवढंच, आणि इंटरमिजिएटलाही महिना आणि वर्षच. 'अटेम्प्ट' हा शब्द कुठेच नको. यात लपवाछपवी नाही. महिने समोर असले की मोजणारा मोजतो. मात्र जिथे अटेम्प्टची संख्या थेट विचारतात, उदाहरणार्थ आयसीएआयच्या कॅम्पस प्लेसमेंटसाठी किंवा एखाद्या कंपनीच्या फॉर्ममध्ये, तिथे खरा आकडाच भरायचा. काही कंपन्या अटेम्प्टवर चाळणी लावतात, त्या गाळतील. फॉर्ममध्ये एक आणि मार्कशीटवर दुसरंच निघालं, तर मिळालेली ऑफरही जाते.

तिने फायनलच्या सहाही पेपरचे मार्क टाकले होते. मी ऑडिटचे 64 ठेवायला सांगितले, कारण ती ऑडिटच्याच जागा शोधत होती. बाकीचे काढले. ऑगस्ट 2024 नंतरचा काळ तिने कोरा सोडला होता. ती त्यातले काही महिने त्याच फर्ममध्ये पगारावर काम करत होती. ते लिहिलं, आणि पुढे 'मे 2025 परीक्षेची तयारी' ही एक ओळ.

नावाआधी तिने 'सीए' लावलं होतं. ते मी काढायला लावलं. परीक्षा पास होणं वेगळं आणि आयसीएआयचं सदस्यत्व मिळणं वेगळं. सदस्य झाल्याशिवाय ते बिरुद लावता येत नाही. तोवर 'सीए फायनल उत्तीर्ण, सदस्यत्वाचा अर्ज केला आहे' एवढं लिहावं.

आता आर्टिकलशिप. दीड पानभर बुलेट होते : स्टॅट्युटरी ऑडिट, टॅक्स ऑडिट, बँक ब्रांच ऑडिट, जीएसटी रिटर्न, टीडीएस रिटर्न, आरओसी फायलिंग, आणि सगळ्यांपुढे 'हँडल्ड'. वाचून ती नेमकं काय करत होती याचा काहीच अंदाज येईना. तीन वर्षं फर्ममध्ये काढलेल्या कोणत्याही मुलाच्या रिझ्युमेत हीच यादी असते. मी विचारलं, "यातल्या कुठल्या फाइलबद्दल तू आत्ता कागद न बघता दहा मिनिटं बोलू शकशील?"

जरा विचार करून ती वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टॅट्युटरी ऑडिटबद्दल बोलायला लागली. कंपनीची उलाढाल साधारण 80 कोटी. सलग दोन वर्षं क्रेडिटर्स आणि स्टॉक हे दोन भाग तिच्याकडे होते. दुसऱ्या वर्षी 40 क्रेडिटर्सना बॅलन्स कन्फर्मेशन पाठवली, 26 उत्तरं आली, तीन ठिकाणी फरक निघाला. त्यातल्या एकात माल 29 मार्चला गेटवर आला होता, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएनही होती, पण बिल एप्रिलमध्ये एंटर झालेलं. स्टॉकमध्ये माल मोजला गेला आणि देणं मात्र पुस्तकात नाही. म्हणून तिने मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या सगळ्या जीआरएन बिलांशी ताडून पाहिल्या. अशी आणखी काही बिलं सापडली आणि कंपनीने प्रोव्हिजन केली.

हे सगळं रिझ्युमेत 'हँडल्ड स्टॅट्युटरी ऑडिट' या एका ओळीत गाडलेलं होतं!

आम्ही ते असं लिहिलं (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते) : 'वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, उलाढाल सु. 80 कोटी. दोन वर्षं क्रेडिटर्स आणि स्टॉकची तपासणी : 40 बॅलन्स कन्फर्मेशन, स्टॉकची प्रत्यक्ष मोजणी, वर्षअखेरीची कट-ऑफ चाचणी. नोंद न झालेल्या खरेदीची बाब टीमपुढे मांडली, व्यवस्थापनाने प्रोव्हिजन केली.'

क्लायंटचं नाव नाही. ऑडिटमध्ये कळलेली माहिती गोपनीय असते, आणि नाव व सापडलेली चूक एकाच ओळीत आली तर मुलाखत घेणारा मनात म्हणतो, उद्या ही आमचंही असंच लिहील. उद्योग आणि उलाढालीचा अंदाज पुरेसा आहे. 'हँडल्ड'ही गेलं. फाइल सीनियरने रिव्ह्यू केली आणि सही पार्टनरने, तेव्हा तिने जे केलं तेवढंच क्रियापद.

मग मी मुलाखतकार झाले. "चौदा कन्फर्मेशन आलीच नाहीत, त्यांचं काय केलं?" ती म्हणाली, वर्षानंतर त्यांना झालेली पेमेंट बँक स्टेटमेंटवरून पाहिली आणि बिलं जीआरएनशी जुळवली. उत्तर बरोबर होतं, न अडखळता आलं. ओळ ठेवायची की नाही, हे मी असंच ठरवते : तिच्यावर लागोपाठ दोन प्रश्न झेलता आले पाहिजेत. बँक ब्रांच ऑडिटच्या ओळीला मी विचारलं, एनपीए ओळखायला काय पाहिलं? तिने 90 दिवस सांगितले आणि थांबली. तिथे तिने खरं तर कर्जाच्या फाइलींमधली कागदपत्रं तपासली होती. तेवढंच लिहिलं. टॅक्स ऑडिटमध्ये 3CD फॉर्ममधलं टीडीएसचं कलम तिने स्वतः भरलं होतं, म्हणून ती एक ओळ राहिली. रिटर्न भरण्याची कामं शेवटी एका ओळीत एकत्र गेली. आयटी आणि ओरिएंटेशनची प्रशिक्षणं प्रत्येकाचीच होतात, ती काढली.

रिझ्युमे एका पानावर आला, कडेला पांढरी जागाही उरली. तिला ती जागा सहन होईना, छंद परत टाकू का म्हणाली. मी नको म्हटलं.

इंटर्नल ऑडिटच्या जागांसाठी तिने दुसरी प्रत केली. त्यात कट-ऑफची बाब वर घेतली आणि सोबत लिहिलं की बिल यायच्या आधी माल स्टॉकमध्ये जात होता, ही पद्धतीतली त्रुटी तिने खरेदी विभागाशी बोलून शोधली. अशाच एका मुलाखतीत पॅनलने अटेम्प्ट विचारले. तिने तीन आणि दोन असे सांगितले, आणि ग्रुप 1 मध्ये एग्रिगेट कमी पडला होता, हेही. त्यानंतर बराच वेळ प्रश्न जीआरएनवरच चालले होते.