संक्रांत, संक्रमण आणि एळ्ळ अमाशी

«आम्ही खानापूरचे. घरात 'संक्रांत' म्हणतो, शेजारचे कानडी लोक 'संक्रमण' म्हणतात. शब्द एकच का? आणि दिवाळी, गणपती दरवर्षी पुढंमागं होतात, मग संक्रांतच तेवढी जानेवारीच्या चौदा-पंधराला कशी काय येते?»

शब्द एकाच धातूचे आहेत. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. विक्रम, आक्रमण, अतिक्रमण हे सगळे त्याच गोतातले. 'सम्' लावून एक प्रत्यय जोडला की 'संक्रमण', दुसरा जोडला की 'संक्रांति'. मराठीनं 'रात्रि'चं 'रात्र' आणि 'जाति'चं 'जात' केलं, तसा 'संक्रांति'चा शेवटचा इकार गाळला. विभक्ती लावली की तो परत डोकावतो: जातीला, संक्रांतीला. म्हैसूरकडचे कानडी लोक 'संक्रांति' म्हणतात, आपल्याकडचे 'संक्रमण'. सूर्यानं एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकणं, एवढाच दोन्हींचा अर्थ. अशा वर्षाला बारा संक्रांती असतात. मकरेची तेवढी तिळगुळामुळे लक्षात राहते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच अर्थात आहे. आपल्या भागातल्या सणांची कानडी नावं आठवा: कार हुन्नवी, शीगी हुन्नवी, सौंदत्तीच्या यल्लम्माची होस्तिल हुन्नवी, मातीच्या बैलांची मण्णेत्तिन अमाशी. सगळ्यांच्या शेपटाला हुन्नवी नाहीतर अमाशी, म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावास्या, म्हणजे चंद्र. मराठीतही गणेश चतुर्थी, नागपंचमी, राम नवमी यांच्या नावातच तिथी आहे. 'संक्रमण' या नावात मात्र तिथी नाही. हा क्षण आहे, आणि तो सूर्याचा आहे. त्या दिवशी चतुर्थी आहे की एकादशी, हे कोणी विचारत नाही. इंग्रजी कॅलेंडरही सूर्याच्या वर्षावरच बेतलेलं, म्हणून दोघांची गाठ पडत राहते.

दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघायचे असतील तर आपल्याकडे नामी जोडी आहे. एळ्ळ अमाशी आणि संक्रांत, दोन्ही थंडीतल्या, दोन्ही तिळाच्या. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. या अमावास्येला शेतात जाऊन पिकावर नैवेद्य शिंपडतात, त्याला 'चरग' म्हणतात. (लातूरकडची 'येळवस' ती हीच. कुणीतरी शुद्ध करायला गेलं आणि 'वेळ अमावस्या' झाली, असं माझं मत.) ही मार्गशीर्षातली अमावास्या. २०२२ साली ती २३ डिसेंबरला होती. पुढची आली थेट ११ जानेवारी २०२४ ला, म्हणजे २०२३ या अख्ख्या इंग्रजी वर्षात एळ्ळ अमाशी झालीच नाही! मग २०२४ मध्येच दुसरी, ३० डिसेंबरला. त्यानंतरची १९ डिसेंबर २०२५ ला.

आता यातली अंतरं मोजा. ११ जानेवारी ते ३० डिसेंबर २०२४ हे ३५४ दिवस. त्यापुढचंही अंतर ३५४ च. बारा चांद्रमास एवढ्यातच संपतात, म्हणून अमाशी दर वर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे सरकते. पण २३ डिसेंबर २०२२ पासून ११ जानेवारी २०२४ पर्यंत ३८४ दिवस होतात, म्हणजे तेरा महिने. तो तेरावा महिना म्हणजे २०२३ चा अधिक श्रावण.

अधिक महिना कुठे घालायचा हे कोण ठरवतं? तुमची संक्रांतच ठरवते. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्यानं रास ओलांडलीच नाही, तर तो महिना अधिक. शास्त्रात त्याला 'असंक्रांत मास' असाच शब्द आहे. २०२३ मध्ये सूर्य १७ जुलैला पहाटे कर्केत गेला. अमावास्या त्याच रात्री बाराच्या सुमारास संपली, म्हणजे पाऊल तिच्या आत पडलं. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला संपली आणि सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला, एक दिवस उशिरा. मधला महिना कोरडा राहिला, तो अधिक श्रावण. थोडक्यात, चंद्राचे सण ज्या खुंट्याला बांधलेत तो खुंटा म्हणजे संक्रांत. गाय दाव्याच्या लांबीपर्यंत मागंपुढं चरते, खुंटा जागेवर असतो.

खुंटाही थोडा हलतो, म्हणून 'चौदा की पंधरा' हा घोळ. सूर्याला बारा राशी फिरून यायला ३६५ दिवस आणि वर साधारण सहा तास नऊ मिनिटं लागतात. त्यामुळे संक्रमणाची वेळ दर वर्षी तेवढी पुढे जाते. २०२४ ला ती १५ जानेवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास होती. त्या वर्षी फेब्रुवारीत एक दिवस जास्त आला, म्हणून २०२५ ला ती १४ तारखेच्या सकाळी नऊच्या आसपास आली. २०२६ ला १४ लाच दुपारी सव्वातीनला. संक्रमण रात्री झालं तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून २०२३ ला क्षण १४ च्या रात्रीचा असूनही आपण तिळगूळ १५ ला वाटला.

लीप वर्षानं सहा तासांचा हिशेब बराचसा फिटतो, पण पुरता नाही. वर्षाला वीसेक मिनिटं उरतात आणि साठत जातात. सत्तर-बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी.

याच हिशेबानं एक लाडकी समजूत मोडते. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं, तारीख पक्की आहे. त्यावरून 'ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत आली' हे वाक्य मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत स्वतः टाळ्या घेत म्हटलेलं आहे. पण त्या काळी संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास पडायची. लढाईपर्यंत ती होऊन चार दिवस उलटले होते. 'संक्रांत येणे' या वाक्प्रचाराला पानिपताची गरजही नाही. पंचांगात संक्रांतीदेवीचं दरवर्षी वर्णन असतं: कशावर बसलीय, काय नेसलीय, कुठल्या दिशेला बघतेय. ती ज्याला हात लावेल ते महागणार किंवा नासणार अशी धास्ती. कुणावर 'संक्रांत' येते ती या देवीची.

तुमच्या शेजाऱ्यांना एक सांगा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्यापुढची एळ्ळ अमाशी पुन्हा लांबून ७ जानेवारी २०२७ ला येते. त्या साली संक्रमणाचा क्षण १४ च्या रात्री सव्वानऊच्या सुमारास, म्हणजे सण १५ ला. दोन्ही सण आठ दिवसांच्या आत, तीळ एकदमच भरायला हरकत नाही.