वसतिगृहाचा आणि गावाचा निरोप: कॅप्शनमध्ये काय लिहावे, काय मागे ठेवावे

पत्र: सप्रेम नमस्कार. मी मूळचा नारायणगावचा असून पुण्यात शिवाजीनगर भागातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात चार वर्षे राहून संगणक अभियांत्रिकी पूर्ण केली. बंगळूरूच्या एका कंपनीत 1 जुलैला रुजू व्हायचे आहे. शेवटच्या सत्राचा निकाल अजून लागायचा आहे. निघण्यापूर्वी इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवर वसतिगृहाला व गावाला निरोप देणारी कॅप्शन टाकायची आहे. मी असे लिहिले आहे: 'अखेर छोट्या गावातून आणि त्या तुरुंगातून सुटका! पाणीदार वरणाला रामराम. सहा लाखांचे पॅकेज, बंगळूरू, 1 जुलैला रुजू. उद्या उद्यान एक्स्प्रेस, आईबाबाही सोबत.' सोबत ऑफर लेटरचा आणि तिकिटाचा फोटो टाकणार आहे. पण हे वाचून मलाच बरे वाटत नाही. खरे तर रविवारी माझी एसटी उशिरा आली तरी खानावळीच्या मावशी ताट झाकून ठेवत. दुसऱ्या वर्षी एम-थ्री हा गणिताचा विषय राहिला, तेव्हा खोलीतल्या दोघांनी रात्री बसून शिकवला. आणि टोमॅटोची पट्टी हाती आली की बाबा आधी माझी फी भरत. काय बदलू?
— एक विद्यार्थी, नारायणगाव

उत्तर: सप्रेम नमस्कार. कॅप्शनमध्ये जे यायला हवे होते, ते तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यांत आहे आणि जे मागे ठेवायला हवे होते, ते कॅप्शनमध्ये गेले आहे. ही अदलाबदल केली की तुमचे काम बरेचसे होईल. मात्र मागे ठेवायच्या गोष्टींमागची कारणे समजली नाहीत, तर ऐनवेळी मित्रांच्या आग्रहाने त्या पुन्हा आत शिरतील, म्हणून प्रथम त्यांच्याविषयी लिहितो.

ऑफर लेटर म्हणजे नोकरी लागल्याचा अंतिम दाखला नव्हे. ते बहुतेक वेळा सशर्त असते. शेवटच्या सत्राचा निकाल, ठरलेली किमान टक्केवारी, एकही विषय न राहणे आणि कागदपत्रांची पार्श्वभूमी पडताळणी या अटी पूर्ण झाल्यावरच तुम्ही रुजू होता, आणि तुमचा निकाल तर अजून लागायचा आहे. शिवाय रुजू होण्याची तारीख कंपनीच्या गरजेनुसार पुढे जाऊ शकते. 2022 मध्ये उत्तीर्ण झालेल्या अनेक आयटी उमेदवारांच्या हाती ऑफर लेटर असूनही त्यांना कित्येक महिने, काहींना तर वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले होते. त्यांच्यापैकी ज्यांनी तारखेसह जाहीर निरोप घेतला होता, त्यांना त्या काळात भेटेल त्याला 'अजून इथेच?' याचे उत्तर द्यावे लागले. तुमच्या बाबतीत असे होईल असे मी म्हणत नाही. तथापि ज्या गोष्टीचा निर्णय तुमच्या हातात नाही, तिची तारीख जाहीर करण्याचे कारणही नाही. निरोप वसतिगृहाचा आणि गावाचा आहे. तो कंपनीचे नाव व तारीख न देताही पूर्ण होतो.

ऑफर लेटरचा फोटो तर अजिबात टाकू नका. त्यावर तुमचे पूर्ण नाव, पत्ता, उमेदवार क्रमांक, वेतनाचा तपशील आणि मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याचे नाव असते; अनेक पत्रांत वेतनाबाबत गोपनीयता पाळण्याची अटही असते. वेतनाची ओळ खोडून बाकीचे पत्र दाखवले तरी फसवणूक करणाऱ्याला तेवढे पुरते. तो त्याच अधिकाऱ्याच्या नावाने फोन करतो, तुमचा उमेदवार क्रमांक अचूक सांगतो आणि लॅपटॉपची किंवा प्रशिक्षणाची 'परत मिळणारी अनामत' भरायला सांगतो. त्याच्याकडे तुमची खरी माहिती असल्यामुळे चांगली शिकलेली मुलेही फसतात. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागितले गेले, की तो फोन कंपनीचा नाही असे समजावे आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्यावर स्वतः विचारणा करावी. पैसे गेलेच, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर होतो, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होते.

तिकिटाच्या फोटोविषयी एवढेच सांगतो, की दहा अंकी पीएनआर क्रमांकावरून गाडी, तारीख, डबा आणि आसन कोणालाही पाहता येते. त्याच्या जोडीला 'आईबाबाही सोबत' असे लिहिले, की नारायणगावचे घर कोणत्या दिवशी बंद असेल तेही तुम्हीच सांगून मोकळे होता.

आता पॅकेज. सहा लाख हा आकडा गावात वाचला जाईल, तेव्हा तो बाराने भागला जाईल आणि महिन्याला पन्नास हजार असा हिशेब होईल. प्रत्यक्षात या रकमेत कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी धरलेला असतो, बहुधा उपदानाची म्हणजे ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग असतो, आणि तुमच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर त्यानंतर कापला जातो. हाती येणारी रक्कम पन्नास हजारांहून बरीच कमी असेल आणि त्यातून बंगळूरूच्या घराची अनामतही द्यायची असेल. तरीही नातेवाइकांच्या मनात पन्नास हजार पक्के बसलेले असतात, आणि उसनवारीची पहिली विनंती तुम्हाला नव्हे तर बाबांना होते. ती नाकारण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

'सुटका' आणि 'तुरुंग' या शब्दांविषयीही माझे मत स्पष्ट आहे. वसतिगृहातल्या मित्रांच्या गटात असे बोलणे चालते, कारण तिथे सगळ्यांनी तेच वरण खाल्लेले असते. जाहीर कॅप्शनचा मात्र कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो आणि तो संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पोहोचतो. तिथे तो तुमच्या आईच्या मैत्रिणी वाचतात. वसतिगृहात तिसऱ्या वर्षाची मुले वाचतात, ज्यांच्या मुलाखती काही आठवड्यांत सुरू व्हायच्या असतात. तुम्ही ज्याला तुरुंग म्हणता, तिथे त्यांना अजून वर्ष काढायचे आहे, आणि पुढच्या रविवारी मावशी त्यांच्यापैकीच कोणाचे तरी ताट झाकून ठेवणार आहेत.

म्हणून कॅप्शनची सुरुवात ताटापासून करा. इन्स्टाग्रामवर 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येत असले, तरी पुढचा मजकूर उघडण्यापूर्वी वाचणाऱ्याला पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. तिथे 'चार वर्षे कशी गेली कळलेच नाही' असे लिहिले, तर ते वाक्य कोणाच्याही फोटोखाली चालेल आणि वाचणारा पुढे जाईल. झाकून ठेवलेले ताट फक्त तुमच्याच वसतिगृहातले आहे. त्यानंतर मित्र आणि शेवटी घर, हा क्रम मी सुचवतो. पुढचा मसुदा तुमच्या पत्रातल्याच माहितीवरून केला आहे:

'रविवारची एसटी वाकडेवाडीला कितीही उशिरा पोहोचली, तरी खानावळीत माझे ताट झाकलेले असायचे. मावशी, ती चार वर्षांची जेवणे माझ्या लक्षात राहतील.

एम-थ्रीच्या रात्री माझ्याबरोबर जागलेल्या खोलीतल्या दोघांनो, त्या पेपरात तुमचाही वाटा आहे.

आणि नारायणगाव. टोमॅटोची पट्टी हाती आली की बाबा आधी माझी फी भरायचे, मग घरातले बाकीचे. आता कामासाठी बंगळूरूला निघालो आहे. आई, बाबा, येतो.'

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एम-थ्री राहिला होता, हे लिहिलेले नाही. राहिलेल्या विषयाची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु पडताळणी सुरू असताना जाहीर ठिकाणी अर्धवट उल्लेख असला, तर विषय सुटला की नाही अशी शंका निर्माण होऊ शकते, आणि ज्यांना ती रात्र आठवते त्यांना 'एम-थ्रीच्या रात्री' एवढे पुरेसे आहे. मित्रांची नावेही मी घातलेली नाहीत. त्यांना विचारून तुम्ही ती घालू शकता. त्यांच्यापैकी कोणाची निवड अजून झालेली नसेल, तर आपले नाव अशा मजकुरात हवे की नको, हे त्याला ठरवू द्या. बाबांविषयीची ओळ मात्र आधी त्यांना वाचून दाखवा. घरच्या पैशांचा उल्लेख जाहीर व्हावा असे त्यांना वाटत नसेल, तर ती ओळ काढून त्या जागी ज्या एसटीने दर रविवारी निघायचात तिच्याविषयी, किंवा आई बरोबर देत असे त्या डब्याविषयी लिहा. मावशी इन्स्टाग्राम वापरत नसतील, तर खोली सोडण्यापूर्वी खानावळीत जाऊन त्यांच्याविषयीची ओळ त्यांनाही ऐकवा.

फोटो निवडताना त्याची पार्श्वभूमी बारकाईने पाहा. खोलीतल्या शेवटच्या सामूहिक फोटोत कोपऱ्यात पाणी तापवायचे कॉइल किंवा विजेची शेगडी दिसते आणि बहुतेक वसतिगृहांत ती ठेवायला मनाई असते. ना-थकबाकी दाखला हाती आलेला नसताना आणि अनामत परत मिळायची असताना असा फोटो जाहीर करणे शहाणपणाचे नाही. वसतिगृहाच्या दाराचा किंवा खानावळीच्या रिकाम्या बाकांचा फोटो या मजकुराला अधिक शोभेल, आणि त्यात कोणाची परवानगी घेण्याचा प्रश्नही येणार नाही.

हीच कॅप्शन लिंक्डइनवर टाकू नका. तिथले वाचक वेगळे आहेत. तुमचे नवे वरिष्ठ आणि सहकारी तुमची पहिली ओळख तिथूनच करून घेतील आणि त्यांच्यापैकी अनेकांना मराठी वाचता येणार नाही. तिथे रुजू झाल्यानंतरच, ओळखपत्र हाती आल्यावर आठवडाभराने, इंग्रजीत चारपाच वाक्ये लिहा: कोणत्या पदावर रुजू झालात, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुम्ही स्वतः नेमके काय केले, त्यात कोणत्या प्राध्यापकांचे मार्गदर्शन लाभले आणि पुण्यात कुठे शिकलात. वसतिगृहाचा उल्लेख एका वाक्यात पुरे. ओळखपत्राचा फोटो तिथेही नको, कारण त्यावर कर्मचारी क्रमांक असतो. नवे पद प्रोफाइलमध्ये जोडताना ही बातमी सर्व परिचितांना कळवायची की नाही, असा पर्याय तिथे असतो. तो बंद ठेवून आधी पद जोडा, माहिती अचूक आहे याची खात्री करा आणि मग तुमच्या शब्दांत पोस्ट लिहा.

इन्स्टाग्रामची कॅप्शन टाकण्यासाठी निकालाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण या मसुद्यात निकालावर अवलंबून असलेले काहीच उरलेले नाही. मात्र ती गाडीत बसण्याआधी टाकू नका. आईबाबा तुम्हाला सोडून नारायणगावला परत पोहोचले, की त्या संध्याकाळी टाका.