अचानक ‘दोन शब्द बोला’ म्हटलं की...

प्रश्न : सहकारी मॅडमच्या निरोप समारंभात सूत्रसंचालकाने एकदम माझं नाव पुकारलं. उभा राहिलो आणि डोकं रिकामं! अशा वेळी नेमकं काय करायचं?

नाव ऐकल्यापासून माईकपाशी पोहोचेपर्यंत दहा-पंधरा सेकंद मिळतात. बहुतेक जण ते पहिलं वाक्य शोधण्यात घालवतात. तुम्ही आधी शेवटचं वाक्य ठरवा. कुठे पोहोचायचंय ते कळलं की सुरुवात सापडते.

मग ‘तेव्हा, आत्ता, पुढे’ हा तीन भागांचा साचा वापरा. निरोप, सत्कार, वाढदिवस अशा प्रसंगांना तो अगदी नीट बसतो, कारण काळाचा क्रम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

समजा, शेवटचं वाक्य ठरलं : ‘पत्र पाकिटात घालण्याआधी त्यावरचं नाव मी दोनदा वाचीन.’ आता मागे या. तेव्हा : ‘मी नवा होतो. पहिल्याच आठवड्यात एकाचं पत्र दुसऱ्याला पाठवलं. मॅडम रागावल्या नाहीत. मला शेजारी बसवलं आणि माफीचं पत्र माझ्याच हातून लिहून घेतलं.’ आत्ता : ‘आज आपल्याकडे कुठलंही पत्र दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. ती पद्धत त्या दिवसापासूनची.’ पुढे : ‘मॅडम, उद्यापासून वाचायला तुम्ही नसाल. पण पत्र पाकिटात घालण्याआधी त्यावरचं नाव मी दोनदा वाचीन.’

एवढं बोलायला अर्धं-पाऊण मिनिट लागेल. असं बोलणं दोन मिनिटांचं धरलं, तर उरलेला वेळ ‘तेव्हा’मध्येच घाला : पत्र कुणाचं होतं, चूक कशी उघडकीला आली, मॅडम नेमकं काय म्हणाल्या. दुसरा किस्सा जोडू नका. आणि ‘मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख’ ही माळ तर नकोच. ती कुणाच्याही गळ्यात घालता येते.

प्रश्न : ‘माझी काही तयारी नाही’ असं आधीच सांगून टाकावं का?

नको. तुम्हाला आयत्या वेळी बोलावलं, हे सगळ्यांनी पाहिलेलंच असतं. शिवाय लोक ज्या क्षणी सर्वांत लक्ष देऊन ऐकत असतात, तोच या वाक्यात जातो. अध्यक्ष, मान्यवर वगैरे लांबलचक संबोधनाचंही तेच. ‘नमस्कार’ पुरे.

प्रश्न : बैठकीत साहेब अचानक विचारतात, ‘या नव्या हजेरी प्रणालीबद्दल तुमचं काय म्हणणं?’ तिथे तेव्हा-आत्ता-पुढे कसं चालेल?

चालणार नाही. तिथे लोकांना तुमचा कौल हवा असतो, म्हणून साचा बदला : मत, कारण, पुढचं पाऊल. मत पहिल्याच वाक्यात आणि स्पष्ट : ‘प्रणाली आणावी, पण सगळीकडे एकदम नको.’ कारण एकच, तेही प्रत्यक्ष कामातलं : ‘आमची निम्मी माणसं दिवसभर बाहेर असतात, त्यांनी हजेरी कुठून लावायची हे अजून ठरलेलं नाही.’ पुढचं पाऊल असं, की कुणीतरी ते टिपून घेऊ शकेल : ‘महिनाभर एका विभागात चालवून पाहू.’ हे मिनिटभरात संपलं तर संपू द्या, बैठकीत दोन मिनिटं भरून काढायची गरज नसते.

खरी पंचाईत होते ती मतच नसेल तेव्हा. लोक मग गोल गोल बोलत राहतात आणि समोरच्यांना ते लगेच कळतं. तिथेही तीन भाग करता येतात : मला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि ते कधीपर्यंत सांगेन. तिसऱ्या भागात ‘लवकरच’ म्हणू नका, वार सांगा.

प्रश्न : मला सुरुवात जमते, थांबणं जमत नाही. दोन मिनिटांची पाच होतात.

फुगतो तो जवळपास नेहमी मधला भाग. ‘आणखी एक’ किंवा ‘यावरून आठवलं’ हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकू आले की समजा, गाडी रूळ सोडतेय. चालू वाक्य पूर्ण करा आणि थेट तिसऱ्या भागावर जा. मधलं काय राहिलं, ते ऐकणाऱ्यांना ठाऊकच नसतं.

टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबांमध्ये आयत्या वेळच्या भाषणांचा ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा भाग असतो. तिथे एका मिनिटाला हिरवा दिवा लागतो, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना लाल. घरी सरावाला यातला पिवळा तेवढा घ्या. फोनवर दीड मिनिटाचा टायमर लावा, कुठलाही विषय उचला आणि उभं राहून बोला. टायमर वाजला की हातातलं वाक्य संपवून तिसरा भाग सुरू करायचा, मधला कितीही रंगात आलेला असो. सुरुवातीला ही उडी तुम्हाला फार खटकेल. रेकॉर्डिंग ऐका, ऐकताना ती बहुधा जाणवतही नाही.

आणि ठरवलेलं शेवटचं वाक्य बोलून झालं की ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हे जोडू नका. त्या वाक्यानंतर हमखास आणखी चार वाक्यं येतात. माईक परत द्या आणि जागेवर जा.