दंड आधी की सवलत आधी?

वहिनी, फीची पावती कन्नडमध्ये आहे म्हणून बिचकू नका. त्यातले तीनच शब्द शोधा: कंतु म्हणजे हप्ता, दंड म्हणजे दंडच आणि रियायिती म्हणजे सवलत.

धाकट्याची फी २४,००० आणि भावंड-सवलत १० टक्के. म्हणजे आधी २,४०० वजा, उरले २१,६००, त्याचे तीन हप्ते ७,२०० चे. दुसरा हप्ता उशिरा भरलात, दंड ५ टक्के, म्हणजे ३६०. एकूण ७,५६० व्हायला हवेत.

तुमच्या पावतीवर ७,६०० आहेत. कारण दंड सवलतीआधीच्या ८,००० च्या हप्त्यावर लावून ४०० केलाय आणि ८०० ची सवलत नंतर फक्त मूळ हप्त्यातून वजा केलीय. जी रक्कम तुम्ही देणंच लागत नव्हता, तिच्यावरही दंड बसला. चाळीसच रुपये, पण सॉफ्टवेअरमध्ये क्रम तसाच राहिला तर पुढच्या उशिरालाही तेच.

गंमत म्हणजे, सवलत दंडासकट ८,४०० वर दिली असती तर बेरीज ७,५६० च आली असती. म्हणून नुसता शेवटचा आकडा बघू नका, दंडाची ओळ बघा. दंडाला ५ ने भागून १०० ने गुणलं की तो कशावर लावलाय ते कळतं.

ऑफिसात जाताना फीचं परिपत्रक सोबत घ्या. त्यात दंड ‘मूळ हप्त्यावर’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर मात्र त्यांचाच हिशेब बरोबर.