तेलाची पिशवी सहा दिवसांत का संपते?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. घरात पाच माणसं : आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. आजवर शेंगदाणा तेलाची पाच लिटरची कॅन आणत होतो. ती ९७५ रुपयांना मिळते आणि ३६ दिवस जाते. दोन महिन्यांपूर्वी सूर्यफुलाची एक लिटरची पिशवी आणून पाहिली (१६२ रुपये, सात दिवस पुरली), मग मिश्र तेलाची (१३८ रुपये, जेमतेम सहा दिवस). मोहरीच्या तेलाची एक लिटरची बाटली १८४ला आहे. दुकानदार म्हणतो शेंगदाण्याचा मोठा डबा घ्या, १५ लिटरचा २,८५०, १५ किलोचा ३,०६०. मिश्र तेल सर्वांत स्वस्त दिसतं, पण ते भाजीत जास्त लागतं का? ते घेतलं तर महिन्याला हजारभर वाचतील आणि मुलीच्या नावाने आरडी सुरू करता येईल, असा विचार आहे. काय करावं?

उत्तर : तुम्ही पिशव्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं झालं, कारण उत्तर तिथेच छापलेलं आहे. मिश्र तेलाच्या पिशवीवर खाली बारीक अक्षरांत ‘८०० ग्रॅम’ असं लिहिलंय. ती पिशवी एक लिटरची नाहीच.

खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं. आपल्याकडच्या हवामानात एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून ८०० ग्रॅम म्हणजे सुमारे ८८० मिलिलिटर. पिशवीच्या किमतीला ९१० ने गुणा आणि ग्रॅमने भागा, की लिटरचा भाव निघतो. १३८ गुणिले ९१० भागिले ८००, म्हणजे १५७ रुपये. सूर्यफूल १६२, मिश्र १५७. दुकानात जो २४ रुपयांचा फरक दिसला, तो खरा पाचच रुपयांचा आहे.

पूर्वी तेलाच्या पिशव्या ठरावीक मापांतच विकाव्या लागत. २०२२ पासून ते बंधन गेलं. तेव्हापासून ८००, ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्या एक लिटरच्या शेजारी त्याच उंचीच्या आणि त्याच रुंदीच्या दिसू लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल उत्पादकांना सांगितलं की लिटरमधलं माप तापमानाचा उल्लेख न करता द्या आणि सोबत वजनही छापा. त्याआधी काही पिशव्यांवर चक्क ६० अंश तापमानाचं एक लिटर लिहिलेलं असे. गरम तेल फुगतं, त्यामुळे तेवढ्याच मापात वजन कमी भरतं. आता वजन छापलेलं असतं, तेव्हा पिशवी उचलली की आधी ग्रॅम वाचायचे. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही असतो, पण तो छापील कमाल किमतीवर काढलेला असतो. तुम्हाला दुकानदार सूट देत असेल तर तो उपयोगाचा नाही. शिवाय एका पिशवीवर ग्रॅमचा दर आणि दुसरीवर मिलिलिटरचा, अशी तुलना केली तर पुन्हा फसगत होते.

आता ‘जास्त लागतं का’ याकडे येऊ. तुमची कॅन ३६ दिवस जाते, म्हणजे रोज सुमारे १३९ मिलिलिटर तेल लागतं. त्याच हाताने एक लिटरची पिशवी सात दिवस जाईल आणि ८८० मिलिलिटरची सहा दिवस. तुम्ही नोंदवलेले दिवस नेमके हेच आहेत. मिश्र तेल भाजीत जास्त जिरलं नाही, पिशवीतच कमी होतं. तिन्ही वेळा तुमच्या घराने रोज तेवढंच तेल वापरलं. इतकी नेमकी नोंद फार कमी वाचक पाठवतात, आणि तिच्यामुळेच पुढचा हिशेब विश्वासाने मांडता येतो.

रोज १३९ मिलिलिटर म्हणजे वर्षाला सुमारे ५१ लिटर. शेंगदाण्याच्या कॅनच्या भावाने (१९५ रुपये लिटर) त्याचे ९,९४५ रुपये होतात. मोहरीने ९,३८०, सूर्यफुलाने ८,२६० आणि मिश्र तेलाने साधारण ८,०००. शेंगदाणा सोडून मिश्र तेलावर गेलात तर वर्षाला १,९४० रुपये वाचतील, म्हणजे महिन्याला १६०. हजार नाही. म्हणून हजाराची आरडी या भरवशावर उघडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो हप्ता दुधाच्या किंवा शाळेच्या पैशांतून भरावा लागेल. पोस्टात हप्ता चुकला की दंड लागतो आणि चार हप्ते थकले की खातं खंडित होतं.

मोहरीचं तेल मी लगेच बाजूला ठेवते. शेंगदाण्यापेक्षा ते लिटरमागे ११ रुपयांनीच स्वस्त आहे, आणि त्याचा उग्रपणा तुमच्या सासूबाईंच्या आमटीला रुचेल असं मला वाटत नाही. लोणच्यापुरतं हवं असेल तर लहान बाटली घ्या, सुटं मात्र कधीही नको. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलं तर ते विषारी ठरतं. १९९८ मध्ये दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलाने माणसं दगावली होती. शिवाय मोहरीचं तेल दुसऱ्या तेलात मिसळून विकायला जून २०२१ पासून बंदी आहे. त्यामुळे मिश्र तेलाच्या पाकिटावर मोहरीचं नाव दिसलं तर ते पाकीट जागेवरच ठेवा.

मिश्र तेलाबद्दल आणखी एक पाहायचं. नियमानुसार त्यात दोन तेलं असतात, कुठलंही एक २० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर द्यावं लागतं. तुमच्या फोटोत ८० टक्के राइस ब्रान आणि २० टक्के सूर्यफूल आहे. म्हणजे तुम्ही मुख्यतः तांदळाच्या कोंड्याचं तेल विकत घेताय. दुकानदाराला नुसत्या राइस ब्रानचा लिटरचा भाव विचारा. तो १५७ च्या बराच खाली असेल तर वरचे पैसे मिश्रणाच्या नावाचे आहेत. हे तेल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण मिश्र तेलाची तुलना त्यातल्या मोठ्या वाट्याच्या तेलाशी करायची असते, आणि ती बहुतेक घरांत होत नाही.

राहिला मोठा डबा. १५ लिटर आणि १५ किलो हे डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण १५ किलोत जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असतं. २,८५० चा डबा लिटरला १९० पडतो आणि ३,०६० चा १८६. महाग दिसणारा डबाच स्वस्त आहे. कॅनपेक्षा लिटरमागे नऊ रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला साधारण ४६०.

पण हा डबा तुमच्या घरात चार महिने जाईल, आणि नाशिकचा एप्रिल-मे त्यात आला तर तळाचं तेल खवट होण्याची भीती आहे. वर्षाला तुम्हाला तीन डबे लागतात. प्रत्येक डब्यातलं एकच लिटर टाकून द्यावं लागलं तरी वर्षाला ५५८ रुपये जातात, म्हणजे वाचलेल्या ४६० पेक्षा जास्त. म्हणून डबा जाऊबाई किंवा शेजारी यांच्याबरोबर निम्मा-निम्मा करणार असाल तरच घ्या. फोडला त्याच दिवशी सगळं तेल कोरड्या स्टीलच्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा, कारण बरणीतली रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवेनेच तेल खवटतं. बरण्या गॅसच्या ओट्यापासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवा. जुन्या तेलात नवं ओतू नका. तेल बिघडलंय का हे कळायला चमचाभर कोमट करून वास घ्या. शेंगदाण्याचा गोडसर वास जाऊन जुन्या फरसाणासारखा वास येऊ लागला तर ते संपलं समजा. सूर्यफूल मात्र डब्याने घेऊच नका. त्याची घडण अशी असते की हवा लागली की ते शेंगदाण्यापेक्षा लवकर खवटतं, त्याला पिशवीच बरी.

आता मला सर्वांत जास्त खटकलेला आकडा सांगते : १३९. पाच माणसांना रोज १३९ म्हणजे प्रत्येकी जवळजवळ २८ मिलिलिटर. आहारतज्ज्ञ साधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात, त्या मानाने पाच जणांना रोज ८३ पुरायला हवं. तुम्ही एकदम तिथे जा असं मी म्हणणार नाही. ११० वर या. माझ्या स्वतःच्या घरी जे केलं तेच सुचवते : रविवारी आठवड्याचं तेल, तुमच्या बाबतीत ७७० मिलिलिटर, एका बाटलीत मोजून काढायचं आणि स्वयंपाक त्यातूनच करायचा. कॅनमधून थेट कढईत ओतलं की हात सैल सुटतो. फोडणी चमच्याने घातली (साधा चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो) की पहिल्याच आठवड्यात फरक कळतो. तळणाचा दिवस वेगळा मोजा, नाहीतर आठवड्याचा हिशेब बिघडतो. तळून उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळपट, दाट झालेलं किंवा तापवताना लवकर धुरणारं आणि फेसाळणारं तेल मात्र वाचवू नका. दिवाळीचा महिना या मोजणीत धरायचा नाही.

रोज ११० म्हणजे वर्षाला ४० लिटर. तेवढं शेंगदाणा तेल वाटून घेतलेल्या १५ किलोच्या डब्याच्या भावाने घेतलं तर ७,४४० रुपये. मिश्र तेल आताच्या हाताने वापरलं तर ८,०००. घराच्या आवडीचं तेल ठेवूनही तुम्ही स्वस्त तेलापेक्षा ५६० रुपये खाली येता, आणि आताच्या खर्चापेक्षा २,५०० रुपये. ११० च्या हिशेबात सूर्यफूल घेतलं तर ६,४८० होतात. म्हणजे शेंगदाण्याच्या चवीसाठी तुम्ही महिन्याला ८० रुपये मोजताय. ते मोजायचे की नाही हे सासूबाईंशी बोलून ठरवा. मी तुमच्या जागी असते तर मोजले असते.

हे भाव मात्र आजचे आहेत. सूर्यफूल तेल मुख्यतः रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिनातून येतं, त्यामुळे २०२२ च्या युद्धात ते भडकलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि मे २०२५ अखेरीस ते १० वर आलं. शेंगदाणा आपल्याच शेतातला, सौराष्ट्राचा नवा माल दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. दर तीन महिन्यांनी ९१० चा हिशेब पुन्हा मांडा. शेंगदाणा आणि सूर्यफूल यांच्यातला लिटरचा फरक ५० रुपयांच्या पुढे गेला तर निम्मा वापर सूर्यफुलावर न्या.

आरडी २०० रुपयांची सुरू करा. पोस्टात १०० पासून चालते. आधी दोन महिने बाटलीने मोजा, वहीत दिवस लिहा आणि तिसऱ्या महिन्यात खातं उघडा.