मोठी ऑर्डर घेण्याआधी

अगं, ५० किलो कैरीच्या लोणच्याची ऑर्डर आली म्हणून लगेच तारीख देऊन मोकळी होऊ नकोस. लोणचं मुरायला दोनेक आठवडे धर. निम्मी रक्कम आगाऊ माग, कारण तेल-मोहरीचा खर्च त्यातूनच निघतो; नाहीतर आपल्या बचत गटाचे पैसे अडकतात. गाडीभाडं कुणाचं, फुटलेल्या मालाची तक्रार किती दिवसांत करायची, हे बिलावरच लिही.

बरणीच्या काठावरचं तेल कोरड्या फडक्याने पुसूनच सील लाव. तेलकट काठावर ते धरत नाही. सोबत पापडही पाठवायचे असतील तर ते मात्र वेगळ्या खोक्यात घाल, एक बरणी झिरपली की सगळे गेले! भरण्याआधी एखादा वाकवून बघ. कटकन मोडला तर ठीक, लवला तर अजून ओला आहे. तसाच पाकिटात घातलास तर बुरशी धरेल.