आमची वाटी नेमकी किती मिलीची?

"घरात मापाचा कप नाही. रेसिपीत २४० मिली दूध सांगितलंय. आमची नेहमीची स्टीलची वाटी किती मिलीची, हे घरच्या घरी कसं कळेल? वजनकाटा आहे."

काटा आहे ना, मग पाण्याने मोजा. रिकामी वाटी ठेवून शून्य करा, पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. उन्हाळ्यात पाणी किंचित हलकं होतं, पण स्वयंपाकात तो फरक कळतही नाही.

मी मात्र पाणी नाही, कणीक भरली होती! काट्यावर 'मिली'चं बटण होतं, ते दाबलं, आकडा आला ९५. म्हणजे वाटी ९५ मिलीची असं धरून केकमध्ये २४० मिली दुधासाठी अडीच वाट्या दूध ओतलं. केक कसला, खळ झाली. काट्याच्या कंपनीला फोन केला, तर तिथला माणूस ठामपणे म्हणाला, "मॅडम, मिली मोड सगळ्या पदार्थांना चालतो." दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर! तेवढ्यावर विश्वासून दुसरा केकही घालवला. ते बटण वजनच दाखवतं, फक्त ते पाण्याचं आहे असं समजून. कणीक भुसभुशीत, म्हणून आकडा जवळपास निम्मा. नंतर पाण्याने मोजली तर वाटी १७० मिलीची निघाली. म्हणजे माझ्या 'अडीच वाट्या' ४२५ मिली होत्या.

आता खरी गोम. वाटी 'भरलेली' म्हणजे कुठपर्यंत? काठोकाठ भरली की पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं. ९ सेंमी तोंडाच्या वाटीत पातळी १ मिमी वर-खाली झाली तरी ६ मिलीचा फरक पडतो. माझी तुडुंब भरली तर १७८ दाखवते, पण तशी वाटी ओट्यापासून पातेल्यापर्यंत कोण नेणार? तुम्ही रोज जिथपर्यंत भरता तिथपर्यंतच भरा. तीनदा मोजा. माझे आकडे १६८, १७२, १७१ आले, म्हणून १७० धरलं. वाटी बाहेरून कोरडी पुसायला विसरू नका. आणि सेटमधल्या सगळ्या वाट्या सारख्या असतीलच असं नाही, एकच ठरवून तिच्या बुडाला मार्करने आकडा लिहा. माझ्या मते तर मापाला वाटीपेक्षा अरुंद तोंडाचा पेला बरा, तिथे तीच १ मिमीची चूक निम्म्यावर येते.

काटा बिघडला तर १ लिटरच्या सीलबंद पाण्याच्या बाटलीतून वाट्या भरत मोजा. रिकामी बाटली घरी गळ्यापर्यंत भरून मात्र नको, तिच्यात लिटरपेक्षा जास्त मावतं.

हे सगळं स्वयंपाकापुरतं हं. बाळाचं औषध मोजायला वाटी-चमचा वापरू नका, त्यासोबत आलेलं मापच घ्या.